प्रतीक्षालयाबाहेर न पडणारी कथा: नव्या कथालेखकासाठी

रेल्वेच्या प्रतीक्षालयात सुरू होऊन तिथेच संपणारी कथा लिहायला घेतली, की नवा लेखक बहुधा वर्णनापासून आरंभ करतो. करकरणारा पंखा येतो, बाकावर मुटकुळे करून झोपलेला माणूस येतो, चहावाल्याची आरोळी येते, आणि दोन पाने भरली तरी पात्रे जिथे बसली होती तिथेच बसून असतात. मग कंटाळून लेखक त्यांना आठवणीत पाठवतो आणि कथा कुठल्यातरी वाड्यात किंवा कॉलेजात जाऊन रमते. प्रतीक्षालय नुसते पाटीपुरते उरते. वर्णन कमी-जास्त करून हा दोष जात नाही, कारण त्याचे मूळ वर्णनात नसते. ही माणसे इथून उठून का जात नाहीत, याचे उत्तर लेखकाने लिहिण्यापूर्वी ठरवलेले नसते.

या लेखात एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायचे आहे. स्थळ आहे चाळीसगाव जंक्शन. मुंबई–भुसावळ मुख्य मार्गावरून धुळ्याचा फाटा इथे फुटतो, त्यामुळे गाडी बदलण्यासाठी थांबलेली माणसे हा या स्थानकाचा स्वभावच आहे. पात्रे दोन: शोभा, वय बावन्न, नाशिकला सासर, आणि तिचा धाकटा भाऊ विलास, धुळे तालुक्यातल्या गावी शेती करणारा. वडील वारल्यानंतर शेतजमिनीवरचा हक्क शोभाने सोडावा, म्हणून विलास तिला धुळ्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोड पत्रावर सही करायला घेऊन निघाला आहे. नाशिक रोडहून रात्री साडेनऊला चाळीसगावात पोहोचणारी गाडी उशीर होत होत पावणेतीनला पोहोचली आणि धुळ्याकडची शेवटची गाडी केव्हाच निघून गेली. विलासच्या बॅगेत कागदांची फाइल आहे. शोभाने ती अजून पाहिलेली नाही.

पहिली पायरी: थांबण्याचे कारण आणि त्याची किंमत

आपली कथा पहिल्यांदा वाचणारा खानदेशी वाचक पहिला प्रश्न विचारील तो असा: एसटी नव्हती का? चाळीसगाव ते धुळे अंतर रस्त्याने साठ किलोमीटरच्या आसपास आहे. स्थानकाबाहेर एखादी जीप उभी असतेच, सीट भरली की ती निघते. वाचकाला हे माहीत आहे आणि लेखक त्याविषयी गप्प राहिला, तर सगळी कथा त्याला बनावट वाटू लागते. म्हणून बाहेर पडण्याची प्रत्येक वाट कागदावर लिहून काढावी आणि तिच्यासमोर ती का बंद आहे, हेही लिहावे. एसटी पहाटेशिवाय नाही. लॉज आहे, पण तीन तासांसाठी दोन खोल्यांचे पैसे द्यायचे विलासच्या जिवावर येते. जीप आहे, पण इतक्या रात्री सीट भरणार नाहीत आणि चालक पूर्ण गाडीचे भाडे मागतो आहे.

या तीन वाटांपैकी पहिली खरोखर बंद आहे, उरलेल्या दोन फक्त महाग आहेत, आणि हा फरक फार कामाचा आहे. सगळी दारे बाहेरून कुलूप लावून बंद केली, तर पात्रांना काही ठरवायलाच उरत नाही. वाट उघडी असून तिची किंमत द्यावी लागत असेल, तर पात्र ती किंमत केव्हा द्यायला तयार होते, यावरून ते आपोआप बोलू लागते. सव्वातीन वाजता विलास जीपवाल्याला नाही म्हणून परत येतो: "आक्का, तो तर लुटायलाच बसलाय." चार वाजता शोभा फाइल उघडून वाचू लागते, आणि तोच विलास म्हणतो, "चल, जीपच करू. पैशांचं काय एवढं." भाडे तेच आहे. या एका वाक्यात त्याला कशाची भीती वाटते ते वाचकाला कळते. "विलास अस्वस्थ झाला" असे लिहावे लागत नाही.

एकस्थळी कथेबद्दल मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हेच. थांबण्याचे कारण कथेच्या मध्यावर एका पात्राकडून दुसऱ्याकडे गेले पाहिजे. आरंभी विलासच्या काटकसरीमुळे दोघे अडकलेले असतात. मध्यानंतर शोभाच्या इच्छेमुळे. खोली तीच राहते, बाकही तेच राहतात, पण अडकलेला कोण आणि अडकवणारा कोण हे उलटते. हे उलटणे जिथे घडत नाही, तिथे कथा नुसती वाट पाहत राहते.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. निर्णायक घटना खोलीतच पूर्ण होऊ शकेल अशी असावी. हक्कसोड पत्रावरची सही इथे होऊ शकत नाही. ती निबंधकासमोर, दोन साक्षीदार, फोटो आणि अंगठ्याचा ठसा यांसह धुळ्यात व्हायची आहे. सही करणार की नाही हाच कथेचा कळस मानला, तर कथेला शेवटी गाडीत चढावेच लागेल किंवा अर्धवट थांबावे लागेल. म्हणून प्रश्न लहान करावा. फाइल कोणाच्या हातात राहते, एवढाच प्रश्न इथे घेतला, तर तो या खोलीत, गाडी येण्यापूर्वी, वाचकाच्या डोळ्यांदेखत सुटू शकतो.

दुसरी पायरी: आराखडा

चौकटीच्या वहीचे एक पान घेऊन खोलीचा नकाशा काढावा. चित्रकला येण्याची गरज नाही. दार कुठे आहे, बाक कोणत्या भिंतीला आहेत, मोबाइल चार्ज करण्याची जागा कुठे आहे, घड्याळ कुठून दिसते, पिण्याच्या पाण्याचा नळ आत आहे की फलाटावर, आणि महिला प्रतीक्षालयाचे दार कुठे उघडते, एवढे आले की पुरे.

त्याआधी प्रत्यक्ष जाऊन बसणे आवश्यक आहे, आणि तेही कथेच्याच वेळेला. रात्री तीनची कथा दुपारी पाहिलेल्या प्रतीक्षालयावर लिहू नये. फलाट तिकीट दोन तास चालते खरे, पण प्रतीक्षालय हे प्रवासाचे तिकीट असणाऱ्यांसाठी असते आणि दाराशी बसलेली बाई किंवा माणूस नोंदवहीत तिकिटाचा क्रमांक मागू शकतो; तेव्हा कुठलेसे जवळचे तिकीट काढून खरा प्रवासी म्हणूनच बसणे बरे. नोंदवही दिसली तर ती कथेत आणण्याचा मोह मात्र आवरावा, तिचा उपयोग असेल तरच आणावी. आपल्या उदाहरणात आहे: दोघांचे तिकीट एकच आहे आणि ते विलासच्या खिशात आहे, म्हणून नोंद करतेवेळी शोभाला त्याला हाक मारावी लागते. कागद कोणाच्या ताब्यात आहेत, हा विषय पहिल्या अर्ध्या पानातच, फाइलचा उल्लेखही न करता, वाचकाच्या मनात पेरला जातो.

प्रतीक्षालय आणि मुसाफिरखाना यांची गल्लत करू नये. तिकीट खिडकीसमोरच्या उघड्या, वर्दळीच्या दालनात माणसे पथारी पसरून झोपतात. तिथे कोणीही येते, कोणीही जाते. प्रतीक्षालयाला दार असते, मोजके बाक असतात आणि आत आलेल्याला दोनचार जणांच्या नजरेतून जावे लागते. दबलेल्या आवाजातल्या भांडणासाठी दार असलेली खोली हवी. गर्दीत हरवण्याची कथा असेल, तर मुसाफिरखाना उत्तम.

आता आराखड्यावर पात्रे ठेवून पाहावी. आपल्या कथेपुरती मी मांडणी अशी करतो. चार्जिंगची जागा एकच, ती दाराजवळ. शोभा बसली आहे तो बाक समोरच्या भिंतीला. विलासच्या मोबाइलची बॅटरी संपत आली आहे आणि पहाटे साक्षीदारांना फोन करायचे आहेत. चोरीच्या भीतीने तो मोबाइल सोडून हलत नाही, म्हणून बॅग शोभाजवळ ठेवून दाराशी उभा राहतो. बॅग आणि शोभा यांना एकत्र आणायला योगायोगाची गरज पडली नाही, भिंतीवरच्या एका बोर्डाने ते काम केले. पाण्याचा नळ फलाटावर आहे. बाटली भरायला कोणीतरी बाहेर जाणारच.

सगळ्यांत मोलाचे मात्र महिला प्रतीक्षालयाचे दार आहे. त्या दारातून शोभा जाऊ शकते, विलास जाऊ शकत नाही. लेखकाला यापेक्षा अधिक काय हवे? आयुष्यभर बहिणीच्या वतीने बोलत आलेला भाऊ एका उंबरठ्याशी थबकतो आणि त्याला अडवायला कायदा, वकील, पोलीस कोणी लागत नाही. शोभा फाइल घेऊन त्या दारातून आत जाते, हा कथेचा मधला वळणबिंदू. यानंतर कथा विलासकडे राहील की शोभाबरोबर आत जाईल, हे आधीच ठरवावे. शोभाच्या नजरेतून लिहीत असाल, तर विलास आता केवळ आवाज आहे: "आक्का, झालं का? आक्का, चष्मा बाहेर राहिला का तुझा?" विलासच्या नजरेतून लिहीत असाल, तर वाचकाला बंद दार आणि दाराशी स्टुलावर बसलेली मावशी एवढेच दिसेल, आणि आत कोणता कागद वाचला जातो आहे याचा अंदाज त्याच्या घामावरून बांधावा लागेल. मी स्वतः शोभाची नजर घेईन, कारण कागद तिने पहिल्यांदा पाहणे ही या कथेतली एकमेव नवी घटना आहे. काहीही झाले तरी दोन्हीकडे उड्या मारू नयेत. एका खोलीत नजरही एकच ठेवली की भिंती खऱ्या वाटतात.

तिसरी पायरी: वेळ

कथा तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू होते आणि पाचच्या सुमारास संपते. तीन हजार शब्दांच्या कथेत हे सुमारे दोन तास बसवायचे आहेत. म्हणजे काही मिनिटे प्रत्यक्ष घडताना दाखवायची आणि उरलेली एका वाक्यात ओलांडायची. नवा लेखक बहुधा ती सारखी वाटून टाकतो, आणि मग फाइल उघडण्याच्या क्षणाला चहा पिण्याएवढीच जागा मिळते. फाइल उघडण्यापासून जीपच्या प्रस्तावापर्यंतची दहा मिनिटे हजार शब्द घेऊ देत. त्याआधीचा पाऊण तास पाचसातशे शब्दांत संपला तरी चालेल.

घड्याळाचा उल्लेख केवळ तेव्हाच करावा, जेव्हा त्यामुळे कोणाचे तरी काही बदलते. या कथेत असे प्रसंग तीनच आहेत: येताना, जीप नाकारताना, आणि पहिली एसटी सुटायची वेळ जवळ आल्यावर. उजाडू लागले की थांबण्याचे कारण विरघळू लागते, हे विसरू नये. एसटी सुरू झाल्यावर कोणीही रागावून निघून जाऊ शकते. म्हणून फाइलचा निकाल त्याआधी लागायला हवा. अडकवणाऱ्या परिस्थितीलाच अशी मुदत असली, की कथेला बाहेरून घाई लावावी लागत नाही.

स्थानकाची स्वतःची काही लय असते, तीही वापरता येते. मुख्य मार्गावरून न थांबता जाणारी मालगाडी घ्या. साठेक वाघिणींची गाडी वेगात निघून जायला पाऊण मिनिट ते एक मिनिट लागते आणि तेवढा वेळ खोलीत बोलणे ऐकू येत नाही. शोभा विचारते, "यात लिहिलंय की मला मोबदला मिळाला. कधी मिळाला?" आणि मालगाडी येते. विलासला उत्तर तयार करायला एक मिनिट मिळते. शोभाला त्याचा चेहरा पाहायला एक मिनिट मिळते. गाडी गेल्यावर तो काय बोलतो, याला आता फारसे महत्त्व उरत नाही. ही युक्ती मात्र एका कथेत एकदाच करावी. दुसऱ्यांदा मालगाडी आली, की वाचकाला लेखक दिसू लागतो.

चौथी पायरी: येणे-जाणे

जुन्या फ्रेंच नाटकांत रंगमंचावर पात्र आले किंवा गेले, की नवा प्रवेश मोजत असत. एकस्थळी कथेचा कच्चा आराखडा करताना ही पद्धत फार सोयीची पडते, कारण स्थळ बदलत नसल्याने दृश्याची हद्द दारच ठरवते. आपल्या कथेचे प्रवेश असे पडतात. दोघे आत येतात. विलास जीपवाल्याकडे जातो आणि शोभा एकटी उरते. तिला बॅगेतून शाल काढायची असते आणि फाइल हाताला लागते, पण ती उघडत नाही. विलास परत येतो, चार्जिंगपाशी उभा राहतो. रेल्वे सुरक्षा दलाचा जवान डोकावून तिकीट विचारतो. विलास पाणी भरायला जातो आणि शोभा फाइल उघडते. विलास येतो, जीपचा प्रस्ताव ठेवतो. शोभा उठून महिला प्रतीक्षालयात जाते. शेवटी ती बाहेर येते.

शोभाने पहिल्या संधीला फाइल उघडली नाही, हे हेतुपूर्वक आहे. ती पहिल्यांदाच उघडली असती, तर ती आधीपासून संशयी ठरली असती आणि पुढे घडण्यासारखे काही राहिले नसते. दोन संधींच्या मध्ये तिच्या मनात काही हलले पाहिजे, आणि ते जवानाच्या प्रसंगात हलते: तो विचारतो, "कहाँ जाना है?" आणि शोभाने तोंड उघडण्यापूर्वी विलास सांगतो, "धुलिया. बहन को कोर्ट का काम है." काम तिचे नाही आणि कोर्टाचेही नाही. तिला ते खटकते.

बोलीविषयी इथेच सांगून टाकतो. चाळीसगाव–धुळे पट्ट्यात ही भावंडे एकमेकांशी अहिराणीत बोलतील, मावशीशी प्रमाण मराठीकडे झुकतील आणि जवानाशी हिंदीत. बोली कुठे बदलते, त्यावरून खोलीत कोण ऐकते आहे ते न सांगता कळते. "गाडी उनी का?" किंवा "आठे बठ" यांसारखी छोटी वाक्ये पुरतात, संपूर्ण संवाद अहिराणीत लिहायचा असेल, तर तो घरी ती बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा. हेच स्थानक भुसावळ किंवा रावेर असते, तर लेवा बोलीचा विचार करावा लागला असता.

पाचवी पायरी: भूतकाळ खोलीत आणणे

बहुतेक कथा इथे फसतात. पहिल्या मसुद्यात साधारणपणे असे काही लिहिले जाते:

"शोभाला ते दिवस आठवले. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. दादांनी शेतात विहीर खणायला घेतली होती. तो उन्हाळा फार कडक होता. ती आणि आई दिवसभर माती वाहत असत. विलास तेव्हा लहान होता. संध्याकाळी सगळे मिळून…"

वाचक शेतावर गेला, प्रतीक्षालय विझले. परत आल्यावर पंखा पुन्हा सुरू करावा लागेल. यातला मजकूर वाईट नाही, त्याला फक्त खोलीतल्या वस्तूवर टेकवायला हवे. फाइलमध्ये सातबारा असणारच. त्यावर मृत व्यक्तीच्या नावाला कंस केलेला असतो आणि वारसांची नावे फेरफार क्रमांकासह खाली येतात. तेवढ्यावर हा परिच्छेद पुन्हा लिहून पाहू:

"वरच सातबारा होता. दादांच्या नावाला कंस पडला होता. त्याखाली आई, मग विलास, मग ती. तिच्या नावापुढे सासरचे आडनाव होते आणि क्षणभर तिला ते दुसऱ्याच कुणाचे वाटले. सिंचनाच्या रकान्यात 'विहीर' असे छापले होते. त्या विहिरीची माती तिने चौदाव्या वर्षी आईबरोबर डोक्यावरून वाहिली होती. पंख्याने कागदाचा कोपरा उचलला, तिने त्यावर चष्म्याचे घर ठेवले आणि पान उलटले."

भूतकाळाला एकच वाक्य मिळाले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोली उभी आहे. माझा नियम असा, की आठवण दोन वाक्यांपेक्षा लांबली, तर तिसऱ्या वाक्यात पात्राच्या हाताला किंवा कानाला खोलीतले काहीतरी लागले पाहिजे. मोबाइलवरचे संभाषणही हेच काम करते, मात्र वाचकाला एकच बाजू ऐकू यावी. गावाहून आईचा फोन आला आणि विलास म्हणाला, "हो, हो, बसलीये समोर. नाही, काही बोलली नाही," तर आईला सगळे ठाऊक आहे हे कळायला एवढे पुरे.

कागदांचा तपशील मात्र पक्का असावा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला, म्हणून तर विलासला बहिणीच्या सहीची गरज आहे. हे शोभाला कोणी समजावून सांगू नये. ज्या गोष्टीसाठी भाऊ रात्रभर जागून घ्यायला येतो तिला काहीतरी मोल असणार, एवढा तर्क ती स्वतः करू शकते.

परके लोक

बाकावर आणखी कोण आहे, हे ठरवताना एक धोका टाळावा. शेजारी बसलेला गृहस्थ निवृत्त तलाठी किंवा वकील निघता कामा नये. असा माणूस आला, की तो सल्ला देतो आणि कथेतला प्रश्न तिथेच सोडवून टाकतो. परक्यांचे काम वेगळे आहे: त्यांच्यामुळे भावंडांना आवाज दाबावा लागतो, एकमेकांना चिकटून बसावे लागते, बोलणे मध्येच तोडावे लागते. या कथेत मी झोपलेली एक म्हातारी आणि दाराशी बसणारी मावशी एवढीच ठेवीन. म्हातारी खरोखर झोपली आहे की नाही, हे विलासला नक्की कळत नाही. तेवढ्यानेच त्याचे अर्धे बोलणे अडते. मावशीला शोभाची गोष्ट ठाऊक नाही आणि तिला ती जाणून घ्यायचीही नाही. विलास दाराशी रेंगाळतो तेव्हा ती म्हणते, "भाऊ, बाजूला बसा, इथं बायका आहेत." तिच्या दृष्टीने हे रोजचे वाक्य आहे. विलासला ते लागते, ते त्याच्या स्वतःच्या कारणाने.

शेवट

अशा कथेत गाडी येणे हा आयता शेवट हाताशी असतो, म्हणूनच त्यापासून सावध राहावे. उद्घोषणा झाली, सगळे उठले, खोली रिकामी झाली, इथे कथा थांबली आहे असे वाटते. पण गाडी पात्रांच्या इच्छेने आलेली नसते, ती वेळापत्रकाने आलेली असते. शेवट गाडीच्या आधी घडवावा आणि गाडीला उशिरा पोहोचू द्यावे. शोभा बाहेर येते तेव्हा तिच्या हातात फाइल नाही. ती तिच्या स्वतःच्या पिशवीत, डब्याखाली गेली आहे. विलास विचारतो, "कागद कुठे?" ती म्हणते, "माझ्याजवळ आहेत. आधी घरी जाऊ, आईशी बोलू. कचेरी उद्याही उघडीच असते." सही ती करील किंवा करणार नाही, ते आपण सांगितलेले नाही, आणि वाचकाला फसवलेही नाही, कारण कथेने विचारलेला प्रश्न फाइलचा होता. विलास पिशवीकडे हात नेतो की आपली बॅग उचलतो, एवढे एक वाक्य लिहून थांबता येईल. मला दुसरा पर्याय अधिक पटतो. पहिला निवडल्यास शोभाला उत्तर द्यावे लागेल आणि कथा आणखी एक पान मागेल.

लिहून झाल्यावर

पहिला मसुदा झाल्यावर त्यातले प्रतीक्षालय काढून त्या जागी दवाखान्याचा व्हरांडा कल्पावा. जी वाक्ये जशीच्या तशी टिकतील ती खोलीची नाहीत. संवादांपैकी काही टिकणारच, पण तिकीट, नोंदवही, एकच चार्जिंगचा बोर्ड, मालगाडी, महिला प्रतीक्षालयाचा उंबरठा यांपैकी काहीही काढल्यावर कथेचा सांधा निखळत नसेल, तर स्थळ अजून सजावटच आहे. अशा वेळी नवे तपशील भरू नयेत. असलेल्यांपैकी एकाला काम द्यावे.

दुसरी तपासणी स्थानकाची. वेळापत्रके बदलतात, म्हणून गाडीचा क्रमांक आणि नेमकी वेळ देण्यापेक्षा "धुळ्याची पहिली गाडी" असे लिहिणे सुरक्षित असते, परंतु क्रम खरा असावा. चाळीसगावहून धुळे फाट्यावर जाता येते, अमळनेर आणि नंदुरबार मात्र जळगावकडून सुरतेला जाणाऱ्या ताप्ती खोऱ्याच्या मार्गावर आहेत आणि ते पश्चिम रेल्वेत मोडतात. तिथल्या प्रवाशाला चाळीसगावात गाडी बदलायला लावली, तर अर्धा खानदेश कथा खाली ठेवील. पाचोरा–जामनेर अरुंद मापाची गाडी कथेत आणायची असेल, तर ती धावत असतानाचा काळ निवडावा आणि मग मोबाइल, चार्जिंगचा बोर्ड, एवढेच काय २००५ ची दुरुस्तीसुद्धा त्या काळात होती की नाही, हे पुन्हा पहिल्या पायरीपासून पाहावे.